टाकीमागचा पंचम

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर रात्री हुंकार ऐकू येऊ लागला. पश्चिमेचा वारा सुटला की सुरू, वारा पडला की बंद. कुणी म्हणालं लिफ्टची मोटर, कुणी म्हणालं पारवे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून सेक्रेटरींनी प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. ते सुटायला पाच दिवस लागले. त्यातले पहिले दोन मी एका चुकीच्या समजुतीत घालवले, आणि ती चूकच या प्रकरणातली सांगण्याजोगी गोष्ट आहे.

वाऱ्याबरोबर येणारा आणि एकाच स्वरावर टिकणारा आवाज म्हणजे कुठली तरी नळी वाजते आहे, एवढा अंदाज सहज करता येतो. प्रश्न होता, कुठली? गच्चीवर कठड्याचे पाइप, टाक्यांच्या लाइनी, डिशचे खांब, दांड्यांचे स्टँड मिळून शंभरेक नळ्या तरी असतील. रात्री अंधारात, वाऱ्यात आवाजाची दिशा कळत नाही. पण आवाजाची वारंवारिता मिळाली तर तीवरून नळीची लांबी काढता येते, आणि लांबी कळली की टेप घेऊन शोधता येतं.

पहिल्या रात्री फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप लावून वीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. सर्वांत ठळक शिखर 215 हर्ट्झला होतं. त्याच्यासोबत 430 ला एक पुसट शिखर, आणि 645 ला त्याहून पुसट. सोसाट्याचा झोत आला की मात्र 215 नाहीसं व्हायचं आणि 359 हर्ट्झचा वेगळा, चढा स्वर लागायचा. झोत ओसरला की परत 215. खाली 100 हर्ट्झच्या आत सगळी वाऱ्याची खरखर. तिथे काही ओळखू येत नव्हतं.

215, 430, 645. एकपट, दुप्पट, तिप्पट. वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो तेच. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीत सगळे हार्मोनिक मिळतात: f, 2f, 3f. हवेतला ध्वनीचा वेग 25 अंशांना सुमारे 346 मीटर प्रति सेकंद धरला, तर

L = v / 2f = 346 / (2 × 215) = 0.805 मी.

आमच्या कठड्यात उभ्या खांबांमधले आडवे पाइप किती लांब होते? एकोणऐंशी सेंटिमीटर. दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या कधीच्या उडालेल्या. टोकापाशी नळीबाहेरची थोडी हवाही कंप पावते, त्यामुळे नळी तिच्या मापापेक्षा दर उघड्या टोकाला अंदाजे व्यासाच्या 0.3 पट लांब असल्यासारखी वागते. तो हिशेब धरला तर एकोणऐंशीचे साडेऐंशीच होतात. 359 चं काय? तो दुसरा, आखूड पाइप असेल, 48 सेंटिमीटरचा. कोपऱ्यात तसे दोन तुकडे होतेसुद्धा. मी भलताच खूश झालो. वॉचमनला घेऊन दुपारभर पश्चिमेच्या कठड्याच्या सगळ्या पाइपांत चिंध्या कोंबल्या.

त्या रात्री हुंकार तसाच्या तसा.

दहाव्या मजल्यावरच्या काकू हार्मोनियम शिकवतात. सकाळी त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझी चिंध्यांची युक्ती काही चालली नाही. आणि एक सांगू? तो आवाज सा आणि ध असा वाजतोय. खालचा सा, मग जोर आला की थेट ध. मधलं काही नाही." मी म्हटलं, काकू, ते दोन वेगळे पाइप आहेत. त्या म्हणाल्या, "दोन वेगळे पाइप इतके सुरात?"

मी फोन काढून भागाकार केला. 359 भागिले 215 म्हणजे 1.67. पाच तृतीयांश 1.667 होतात. शुद्ध धैवताचं षड्जाशी गुणोत्तर 5/3 च मानतात, तेव्हा काकूंचा कान बरोबर होता. आणि 5/3 हे गुणोत्तर योगायोगाने कठड्याच्या दोन तुकड्यांत यावं, हे मलाही पटेना.

मग काकूंनीच पुढचं बोलून टाकलं. "किंवा मग प आणि वरचा ग म्हण. अंतर तेच. तंबोऱ्यात नाही का, खर्जाच्या तारेत कान दिला की पंचम आणि गंधार आपोआप ऐकू येतात?"

तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, त्यामुळे तिच्यात मूळ वारंवारितेच्या एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे स्वर असतात. दुप्पट आणि चौपट म्हणजे वरचे सा. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार, तोच स्वयंभू गंधार. आता गच्चीवर पंचम आणि गंधार वाजत असतील, म्हणजे 215 ही तिप्पट आणि 359 ही पाचपट असेल, तर एकपट कुठे आहे? 215 भागिले 3, सुमारे 71.7. 359 भागिले 5, 71.8. दोन्ही उत्तरं एकाच जागी येतात. मूळ स्वर 72 हर्ट्झच्या जवळ, म्हणजे नेमका वाऱ्याच्या खरखरीत बुडालेला. आणि चौपट, 287 हर्ट्झचा सा? वारा वाढताना 215 वरून 359 वर जायचं तर वाटेत 287 लागायला हवा होता. वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात तो एकदाही नव्हता.

एकपट, तिप्पट, पाचपट, आणि मधल्या समपटी गायब. हे एक टोक बंद असलेल्या नळीचं लक्षण आहे. बंद टोकाशी हवेला मागेपुढे सरकायला जागा नसते, तिथे हालचाल शून्य म्हणजे निस्पंद. उघड्या तोंडाशी हालचाल सर्वांत जास्त, म्हणजे प्रस्पंद. निस्पंद ते लगतचा प्रस्पंद हे अंतर पाव तरंगलांबीचं. नळीत पाव तरंग बसतो, पाऊण बसतो, सव्वा बसतो. अर्धा किंवा पूर्ण बसवायला गेलात तर दोन्ही टोकांशी एकच अवस्था येते, आणि इथे टोकं एकसारखी नाहीत. म्हणून f = nv/4L, आणि n फक्त विषम. काकूंच्या भाषेत सांगायचं तर बंद नळीत तळाचा सा सोडला की वरचे सगळे सा गळतात.

हे तपासायची एक सोपी रीत आहे, आणि ती मी पहिल्याच रात्री वापरायला हवी होती. लागोपाठच्या दोन अनुनादांतला फरक घ्यायचा: 359 − 215 = 144. मग प्रत्येक वारंवारितेला त्या फरकाने भागायचं. 215/144 = 1.49, 359/144 = 2.49. पूर्णांक आले असते तर नळी दोन्ही टोकांना उघडी. दीड, अडीच, साडेतीन असे आले तर एक टोक बंद. इथे काही शंकाच उरत नाही. बंद नळीत लागोपाठच्या अनुनादांतला फरक मूळ वारंवारितेच्या दुप्पट असतो, म्हणून मूळ 72, आणि लांबी

L = 346 / (4 × 71.8) = 1.205 मी.

म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेरची, एका टोकाला बंद असलेली नळी. कठड्याचा इथे काही संबंधच नव्हता.

मग 430 आणि 645 कुठून आले? हा भाग विद्यार्थ्यांच्या वह्यांतही चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो. नळी कोणकोणत्या वारंवारितांना साथ देऊ शकते ही एक यादी आहे. ती लांबी आणि टोकांवरून ठरते. नळी प्रत्यक्ष एका स्वरावर वाजत असताना त्या आवाजात कोणते घटक दिसतात ही दुसरी यादी. वाऱ्याने वाजणारी नळी साधा, गुळगुळीत साइन तरंग काढत नाही. तोंडाशी हवेचे भोवरे ठोके दिल्यासारखे आत-बाहेर होतात, आणि ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कुठल्याही ओबडधोबड तरंगात त्याच्या दुपटी-तिपटी असतातच. नळी त्यांतल्या काहींना साथ देत नसली तरी त्या पुसट का होईना दिसतात. मी दुसरी यादी पहिली समजून बसलो होतो. ओळखायची खूण अशी: 430 एकटं कधीच दिसलं नाही, 215 चालू असेल तेव्हाच त्याच्या शेपटीला यायचं. 359 मात्र 215 बंद पडल्यावर, स्वतःच्या बळावर यायचं. जो स्वर वारा बदलल्यावर एकटा उभा राहतो, तो नळीचा.

एवढं कळूनही नळी लगेच सापडली नाही. एका टोकाला बंद आणि सुमारे 1.2 मीटर लांब असं गच्चीवर काही दिसेना. डिशचे खांब तपासले. ते सगळे टोपीबंद. मग दोन दिवस पाऊस लागला आणि गच्चीवर जाणं झालंच नाही.

चौथ्या रात्री काकूंचा फोन. "अरे, तो चढलाय." म्हणजे काय? "परवा पांढरी सहाच्या जरा खाली होता. आता चक्क काळी पाच." मी खिडकीतून फोन बाहेर धरला. खालचा स्वर 233, वरचा 388. 388 भागिले 233, पुन्हा 1.67. म्हणजे दोन्ही स्वर एकाच प्रमाणात, सुमारे 8 टक्के चढले होते.

तापमानाने स्वर बदलतो हे खरं, पण 8 टक्के चढायला हवा जवळपास 50 अंशांनी तापायला हवी. पावसात ती उलट गारच झाली होती. तेव्हा बदलली ती लांबी. मूळ वारंवारिता आता 77.6, लांबी 346 / (4 × 77.6) = 1.115 मीटर. दोन दिवसांत नळी 9 सेंटिमीटरने आखूड झाली होती.

पाऊस! नळी उभी आहे, तोंड वर आहे, तळ बंद आहे, आणि तिच्यात पाणी साठतं आहे. सरळ उभ्या नळीत जितके मिलिमीटर पाऊस पडतो तितकेच मिलिमीटर पाणी चढतं. नळीचा व्यास कितीही असो. पर्जन्यमापक दुसरं काय असतो? सेक्रेटरींनी गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्यांशेजारी एक सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला होता. सकाळी त्यात पट्टी बुडवली, 10 सेंटिमीटर. नळीत एक सेंटिमीटर कमी, कारण वाऱ्यात तिरपा येणारा पाऊस अरुंद तोंडात पूर्ण उतरत नाही.

इथे माझी जुनी "दोन वेगळे पाइप" ही कल्पनाही कायमची निकालात निघाली. समजा खरोखरच दोन बंद नळ्या असत्या, 215 साठी 40 सेंटिमीटरची आणि 359 साठी 24 ची. त्यांना 8 टक्के चढायला एकीत 3 सेंटिमीटर आणि दुसरीत 2 सेंटिमीटरहूनही कमी पाणी लागलं असतं. डब्यात 10 असताना? आणि दोघींत सारखंच पाणी भरलं असतं तर आखूड नळीचा स्वर जास्त चढला असता, मग सा–ध चं अंतर मोडलं असतं. अंतर टिकलं, म्हणजे नळी एकच.

आता शोधायचं काय हे नेमकं ठाऊक होतं: उभी, उघड्या तोंडाची, पाणी धरणारी नळी. ती पाण्याच्या टाकीच्या मागे भिंतीला क्लॅम्पने धरलेली होती. अर्धा इंची जीआय पाइप, टाकीची जुनी लाइन. मागच्या वर्षी नवीन पीव्हीसी लाइन टाकली तेव्हा ही वरून कापून सोडून दिलेली, खाली गेट व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह गंजून इतका घट्ट बसलेला की थेंबही गळत नव्हता. मी चार वेळा तिच्या शेजारून गेलो होतो. मला ती "चालू लाइन" वाटत होती.

आत बांधकामाची तार तळापर्यंत सोडून बाहेर काढली. तळ 1 मीटर 31 सेंटिमीटरवर, त्यातले खालचे 21 ओले. म्हणजे हवेचा स्तंभ 1 मीटर 10 सेंटिमीटर. गणिताने 1.115 आलेलं, त्यातून तोंडाची जादा लांबी वजा करायची. पाइप आतून 16 मिलिमीटर, तेव्हा 0.3 × 16 म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. उरलं 1.11. एक सेंटिमीटरचा फरक. त्यातला अर्धा माझ्या तापमानाचा: पावसात रात्री हवा 25 नव्हे, 22 अंशांच्या आसपास होती, आणि वेग 344.6 घेतला की 1.105 येतं. बाकीचा अर्धा वाकड्या तारेचा समजा. प्रयोगशाळेतल्या अनुनाद नळीचा व्यास तीन-चार सेंटिमीटर असतो, तिथे तोंडाची दुरुस्ती विसरलात तर उत्तरात चांगला सेंटिमीटरभर गोंधळ होतो. इथे नळी अरुंद होती, म्हणून ती जवळपास दुर्लक्षिण्याजोगी.

प्लंबर यायला वेळ होता, म्हणून एक प्रयोग केला. नळीचं छेदक्षेत्र सुमारे 2 चौरस सेंटिमीटर, तेव्हा औषधाच्या मापाने 20 मिलिलिटर पाणी ओतलं की पातळी 10 सेंटिमीटर वर यायला हवी, स्तंभ 1 मीटरचा व्हायला हवा आणि तिप्पटीचा स्वर 233 वरून 257 वर जायला हवा. ओतलं. स्टुलावर चढून, पेनाच्या रिकाम्या टोपणावर शिट्टी वाजवतात तसं तोंडावरून आडवं फुंकलं. 256. नंतर तोंडावर अंगठा दाबून झटकन काढला, 'पक्' असा आवाज आला, आणि फोनवर सगळी विषम रांग एकदम उभी राहिली: 86, 256, 428. अशा ठोक्याने नळीचे सगळे अनुनाद एकाच वेळी जागे होतात, आणि वाऱ्याची खरखर नसल्यामुळे मूळ स्वरही पहिल्यांदाच दिसला.

मग वाऱ्यात तो मूळ स्वर का वाजत नव्हता? तोंडावरून वारा जाताना एका काठाशी भोवरा सुटतो आणि दुसऱ्या काठाशी आदळतो. हे दर सेकंदाला किती वेळा घडेल ते ढोबळमानाने 0.4 गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले तोंडाचा व्यास. 16 मिलिमीटर तोंडाला 72 हर्ट्झ हवे असतील तर वारा ताशी 10 किलोमीटरच पुरतो, पण एवढ्याशा झुळकीत ऐकू येण्याइतकी ताकद नसते. 215 ला ताशी 30 किलोमीटर लागतात. जुलैत दहाव्या मजल्यावर ते रोजचं. 359 ला पन्नाशी, म्हणजे झोतच. भोवऱ्यांची वारंवारिता नळीच्या एखाद्या अनुनादाजवळ आली की नळी त्यांना आपल्या तालावर ओढून घेते आणि स्वर टिकतो; दोन अनुनादांच्या मधल्या वेगाला ती गप्प राहते किंवा जवळच्याला धरून बसते. म्हणून स्वर सरकत वर जात नव्हता, उडी मारत होता. बासरीवाला फुंक वाढवतो तेव्हा स्वर वरच्या सा वर जातो, कारण बासरी दोन्हीकडे उघडी. आमची नळी त्या जागी सा ओलांडून पुढे जात होती.

विषम पटींचा हा नियम सरळ, एकसारख्या जाडीच्या नळीसाठीच आहे, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. सनई पत्तीच्या बाजूने बंदच मानावी लागते, तरी तिच्यात समपटीही मिळतात, कारण ती शंकूसारखी पसरत जाते. नळीला मध्ये भोक असेल, वाटेत जाडी बदलत असेल, तर गुणोत्तरं दीड–अडीच अशी स्वच्छ येत नाहीत. आमच्या जीआय पाइपने त्या बाबतीत सौजन्य दाखवलं.

दुपारी प्लंबर आला. मी त्याला नुसती टोपी बसवायला सांगणार होतो, पण त्याने ती लाइन व्हॉल्व्हपाशी कापूनच काढली आणि खाली प्लग मारला. कापलेला तुकडा मी कॉलेजात नेला. आता तो दोन्हीकडे उघडा आहे; एका टोकावर तळहात आपटून तसाच दाबून धरला तर 66 च्या आसपासचा बोदा आवाज येतो, आपटून लगेच उचलला तर 131. मुलांना तेवढ्यावरून उघड्या आणि बंद नळीतला फरक कळतो. काकूंना तो तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी दोन्ही आवाज ऐकले आणि विचारलं, "हा वरचा सा आधी कुठे होता?"